पावतीपुस्तकात लिहिलेलं प्रपोजल

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात काकांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चार मशीन, दोन कारागीर, कटिंग स्वतः काकांचं आणि काउंटरवर त्यांची सून. अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या वेबसाइटचं प्रपोजल घेऊन गेले. सहा पानं होती. होम पेज, गॅलरी, ऑनलाइन ऑर्डर, मापांचा फॉर्म, पेमेंट, ब्लॉग. एकूण पस्तीस हजार, दोन महिने.

काकांनी मापांच्या फॉर्मपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. "ताई, बाई घरी स्वतःला टेप लावणार. छाती मोजताना हात वर जातो, टेप सरकतो. मुंढा तर स्वतःचा स्वतःला घेताच येत नाही. त्या मापावर मी कापड कापलं आणि साडीतला पीस वाया गेला, तर भरून कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडीसोबतचा पीस एकदा चुकीचा कापला गेला की तसा दुसरा मिळत नाही. गिऱ्हाइकाने मापाचा ब्लाउज आणायचा किंवा दुकानात येऊन माप द्यायचं, हीच त्यांची पद्धत, आणि तिच्यामागे कारण आहे. मी तो फॉर्म तिथेच खोडला. फॉर्म गेला तशी ऑनलाइन ऑर्डर गेली आणि तिच्यासोबत पेमेंटही गेलं.

मग मी म्हटलं, "काका, मला दोन तास इथे बसू द्या." सूनबाईंनी स्टूल दिलं. तेवढ्या वेळात दुकानाचा फोन सतरा वेळा वाजला. नऊ जणींचा प्रश्न एकच होता: आज टाकला तर कधी मिळेल? चौघींनी शिलाई विचारली. दोघींना दुकान नेमकं कुठल्या बोळात ते सापडत नव्हतं. राहिलेल्या दोघींना आपला ब्लाउज झाला का, एवढंच हवं होतं. दर फोनला सूनबाई हातातलं हुक लावायचं काम ठेवून उठत होत्या.

वेबसाइटला काय करायचं आहे ते त्या दोन तासांत ठरलं. वर ठळक अक्षरांत एकच ओळ: 'आज दिलेला ब्लाउज अमुक तारखेला मिळेल'. खाली शिलाईचे दर: साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडचे वेगळे, फॉल-पिको वेगळं. मग गळ्यांचे आणि बाह्यांचे वीस फोटो. शेवटी नकाशा आणि व्हॉट्सॲपचं बटण. एकच लांब पान, मोबाइलवर अंगठ्याने सरकवत बघता येईल असं.

तारखेची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण ती रोज बदलते. दिवाळीच्या आधी तर काका ऑर्डर घेणंच बंद करतात. जुनी तारीख दाखवणारी साइट नसलेल्या साइटपेक्षा वाईट, बाई त्या भरवशावर येते आणि भांडण दुकानात होतं. दर वेळी मला फोन करून बदलून घ्यायची, तर ती आठवड्याभरात बंद पडणार. म्हणून ती ओळ सूनबाईंच्या मोबाइलवरच्या गूगल शीटमधल्या एका चौकोनातून घ्यायची ठरवली. त्यांनी तारीख लिहिली की काही मिनिटांत साइटवर दिसेल. शीट वाचता आली नाही, किंवा चौकोनातली तारीख उलटून गेली असली, तर त्या जागी 'तारखेसाठी फोन करा' असं आपोआप यावं.

आता पैशांचं. "पंधरा हजार," मी म्हटलं. काकांनी लगेच विचारलं, "ते कसे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. अस्तराच्या ब्लाउजला जास्त का पडतात, हे तेही गिऱ्हाइकाला सांगतातच. मी कागदावर तास मांडले. बसून माहिती घेणं आणि फोटो काढणं पाच तास, मराठी आणि इंग्रजी मजकूर चार, पान बांधणं नऊ, शीट जोडणं आणि वेगवेगळ्या मोबाइलवर तपासणं चार, दुरुस्त्या तीन. पंचवीस तास, तासाला सहाशे. वीस फोटोंऐवजी साठ फोटो झाले तर तास वाढतील, तेही तिथेच सांगितलं.

डोमेन आणि होस्टिंग या पंधरा हजारांत धरलं नाही. त्याचे वर्षाला तीन हजार धरा, म्हटलं, आणि ते तुम्ही थेट तुमच्या खात्यातून भरायचे. पहिल्या वर्षीचा डोमेनचा भाव सवलतीचा असू शकतो, म्हणून दुसऱ्या वर्षीचा भाव बघूनच घ्यायचं. इथे सूनबाई बोलल्या. चार वर्षांपूर्वी एकाने त्यांची साइट केली होती, डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. मुदत संपली, साइट गेली, आणि दुकानाच्या पिशवीवर छापलेला पत्ता तेवढा उरला. कपाटात अजून त्या पिशव्यांचा गठ्ठा आहे. मला फार वाईट वाटलं, कारण ते टाळणं पाच मिनिटांचं काम होतं. डोमेनचं खातं दुकानाच्या ईमेलवर, ओटीपी काकांच्या मोबाइलवर, पासवर्ड त्यांच्या वहीत. प्रपोजलमध्ये हे वाक्य मी सगळ्यात वर घातलं.

मुदतीवर जरा अडलं. मी बारा कामाचे दिवस म्हणत होते. काका म्हणाले, "परवा विसर्जन, मग पक्ष पंधरवडा. त्यात नवीन काम सुरू करायचं नाही." पण त्याच पंधरवड्यात काउंटर मोकळा असतो. नवरात्र लागलं की सूनबाईंना फोटोसाठी दहा मिनिटंही मिळणार नाहीत. शेवटी तोड निघाली: ॲडव्हान्स आजच, म्हणजे काम गणपतीतच सुरू झालं. पंधरवड्यात काम करायचं आणि घटस्थापनेला साइट चालू करायची.

बारा दिवसांची मोजणी मात्र दर आणि ब्लाउज माझ्या हातात येतील त्या दिवसापासून, हे मी ठामपणे लिहून घेतलं. असली कामं रखडतात ती बहुतेक मजकूर आणि फोटोंपायी. फोटोंसाठी मी सकाळची वेळ मागितली. बोळात नऊच्या सुमाराला ऊन नसतं पण उजेड असतो, त्यात जरीचा रंग खरा येतो. ट्यूबलाइटखाली राणी कलर जांभळा दिसतो. ब्लाउज पुतळ्यावर चढवायचे, गिऱ्हाइकांचे चेहरे नकोत. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आत आणायचं काम माझं, नाहीतर वीस फोटोंचं पान उघडेपर्यंत बाई दुसऱ्या दुकानाचा नंबर शोधेल.

दुरुस्त्या किती, हे काकांनीच विचारलं. मी दोन वेळा म्हटलं. त्यांना ते पटलं, त्यांच्याकडेही ब्लाउज एकदा सैल-घट्ट करून देतात, पण गळा बदलून हवा असेल तर नवीन शिलाई पडते.

मी म्हटलं, घरी जाऊन टाइप करून पाठवते. काका म्हणाले, "कशाला?" त्यांनी ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि लिहायला घेतलं. नग: वेबसाइट, एक पान, वीस फोटो. दुरुस्ती: दोन वेळा. डोमेन: दुकानाच्या नावे. तारीख: घटस्थापना. एकूण १५,०००, जमा ५,०००, पान बघितल्यावर ५,०००, चालू झाल्यावर ५,०००. खाली स्वतः सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. त्यांच्या पावतीवर गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचायची पद्धत आहे. इथे तुकडा नव्हता, म्हणून सूनबाईंनी खोडलेल्या प्रपोजलमधून गॅलरीचं चित्र कापलं आणि स्टेपल केलं.

घटस्थापनेच्या सकाळी साइट चालू झाली. शीटमधल्या चौकोनात सूनबाईंनी पहिलंच वाक्य लिहिलं: 'दिवाळीचे ब्लाउज फक्त पाचव्या माळेपर्यंत घेऊ.' मी तिथे तारखेची जागा ठेवली होती, वाक्याची नाही. ते तारीख म्हणून वाचता येईना, आणि साइटवर दिसू लागलं 'तारखेसाठी फोन करा'. तो चौकोन साधा मजकूर घेईल असा करायला मला वीस मिनिटं लागली. त्यांचं वाक्य माझ्या ओळीपेक्षा चांगलं होतं, ते तसंच ठेवलं.