सिकंदर बागेतली हाडं : जुने फोटो वाचण्याची पुढची नोंद

युद्धांचे फोटो काढणाऱ्या फेलिचे बेआतोने टिपलेला लखनौच्या सिकंदर बागेचा फोटो या खेपेला नीट तपासून झाला. मागे तोफांनी फुटलेली इमारत, समोर अंगणभर कवट्या आणि हाडं, मध्ये काही भारतीय माणसं आणि एक घोडा. लढाईनंतर लगेच टिपल्यासारखा वाटतो, म्हणून सुरुवात तारखांपासून केली.

बंडखोरांच्या ताब्यातल्या सिकंदर बागेवर इंग्रज सैन्याने केलेला हल्ला 16 नोव्हेंबर 1857चा. बेआतो कलकत्त्याला उतरला फेब्रुवारी 1858मध्ये, आणि लखनौ इंग्रजांच्या पूर्ण ताब्यात गेलं मार्चमध्ये. म्हणजे लढाई आणि फोटो यांत किमान चार महिने आहेत. हाडांवर मांस उरलेलं नाही, तेही याच्याशी जुळतं. मग इतके दिवस ती उघड्यावर कशी राहिली? तेव्हा अवधमध्ये अधिकारी असलेल्या जॉर्ज कॅम्पबेलने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की बेआतोने फोटोसाठी ती उघडी करून घेतली. आठवणी बऱ्याच उशिराच्या आहेत, त्यामुळे एवढ्यावर मी निकाल दिला नसता. पण 1860मध्ये चीनच्या ताकू किल्ल्यात लढाईनंतर फोटो होईपर्यंत मृतदेह हलवू नका असं बेआतोने सांगितल्याची नोंद सैन्यासोबतच्या एका डॉक्टरनेही केली आहे. दोन वेगळे साक्षीदार, दोन वेगळे देश आणि सवय तीच. त्यामुळे कॅम्पबेलचं म्हणणं मला पटतं. कुठलं हाड कुणी कुठे ठेवलं, हे मात्र फोटोवरून ठरवता येणार नाही.

माणसांचंही तसंच. त्या काळी कॅमेऱ्यातल्या काचेला निदान काही सेकंद उजेड द्यावा लागे, आणि तेवढा वेळ समोरच्याला हलता येत नसे. अशा वेळी कुणी सहज फ्रेममध्ये येऊन स्पष्ट उमटत नाही. त्यांना तिथे उभं केलेलं आहे. नावं कुठेच नाहीत. इमारत केवढी मोठी आहे हे दाखवायला आणि ‘हा हिंदुस्थान’ हे सांगायला ती माणसं वापरली आहेत, असं माझं मत.

काय वगळलं, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्या हल्ल्यात इंग्रजांकडचेही सैनिक पडले होते, पण बेआतोच्या लखनौच्या चित्रांत त्यांचा एकही मृतदेह दिसत नाही. ताकूतही फक्त चिनी मृत दिसतात. प्रिंट विकत घेणारे बहुतेक इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या घरचे होते, हे लक्षात घेतलं की कारण कळतं. फोटोच्या शीर्षकातला ‘2,000 बंडखोरांच्या कत्तलीनंतर’ हा आकडाही कॅमेऱ्याने मोजलेला नाही, तो जिंकणाऱ्यांचा आहे. म्हणून माझ्या वहीत शीर्षक वेगळा पुरावा म्हणून नोंदवलंय, फोटोच्या रकान्यात नाही.

लढाईचा पुरावा म्हणून हा फोटो कच्चा आहे. 1858च्या वसंतात इंग्रज ग्राहकाला बंडाचा शेवट कसा दाखवला गेला, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे. पुढे त्याच मालिकेतली रेसिडेन्सीची चित्रं घेतोय, तिथे पडझड आहे पण हाडं नाहीत.