नोंद ९ : डेडलिफ्टआधीचे बारा नमस्कार

मागच्या नोंदीत ९५ किलोच्या तिसऱ्या सेटला कंबरेत येणाऱ्या चमकेबद्दल लिहिले होते. तिचे कारण मी तीन आठवडे पायांच्या अंतरात आणि कमरेच्या पट्ट्यात शोधत होतो. ते वॉर्म-अपमध्ये निघाले.

मी पहाटे साडेपाचला उठून लगेच खळ्यात बारा सूर्यनमस्कार घालत असे. प्रत्येक नमस्कारात हस्तपादासन दोनदा येते, म्हणजे बार हातात घेण्याआधीच चोवीस वेळा कंबर पूर्ण वाकलेली असे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकताना त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. शिवाय हस्तपादासनात आपण श्वास सोडत पाठ गोलावतो, तर डेडलिफ्टमध्ये श्वास भरून, पोट घट्ट धरून पाठ स्थिर ठेवायची असते.

खात्री करण्यासाठी केरसुणीचा दांडा पाठीला उभा धरून वाकून पाहिले. दांडा डोके, खांद्यांची पाती आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेला राहायला हवा. माझा माकडहाडापासून गुडघ्याच्या उंचीवरच सुटला. आरशासमोर पाठ सरळ दिसल्याच्या समाधानाला त्याने पूर्णविराम दिला.

आता डेडलिफ्टच्या दिवशी उठल्यावर तासभर घरातली कामे करतो आणि मग फक्त चार संथ नमस्कार घालतो. हस्तपादासनाऐवजी गुडघे किंचित वाकवून, तळवे चिऱ्याच्या कठड्यावर टेकून पाठ सरळ ठेवतो; अष्टांगासनात प्रेसच्या दिवसासाठी दंड ताजे राहावेत म्हणून गुडघे आधी टेकतो. कुठलीही स्थिती दोन श्वासांपेक्षा जास्त धरत नाही, कारण स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून धरला तर त्याची ताकद काही काळ घटते. त्यानंतर रिकामा २० किलोचा बार, मग ४०, ६० आणि ८०. परवा ९५ किलोचे तिन्ही सेट पाच-पाच आवर्तनांचे झाले आणि चमक आली नाही. शेवटचे आवर्तन खाली ठेवताना दांडा पाठीला टेकलाच आहे असे वाटत होते, ते सुख वेगळेच.

चटईबद्दल एक सांगतो: पावसाळ्यातल्या दमट हवेत गुळगुळीत फोमच्या चटईवर पर्वतासनात हात सरकतात, जाड सुती सतरंजी मला अधिक भरवशाची वाटते.

संध्याकाळी मकरासन आणि पाय भिंतीला लावून पाच मिनिटे विपरीत करणी करतो. यामुळे दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे फारसे घटत नाही, पण श्वास लवकर संथ होतो आणि झोप चांगली लागते. उरलेले आठ नमस्कार शनिवारी सकाळी घालायचे ठरवले होते. पण हे लिहिताना वाटते की ते रविवारी संध्याकाळी, शरीर मोकळे झालेले असताना घालावेत. चमक पायात उतरली असती तर मात्र मी हे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांकडे गेलो असतो.

येत्या मंगळवारी ९७.५ किलो लावतो आहे.