गाळलेली स्लाइड

यवतमाळ जिल्ह्यात सिंचनाच्या पाइपलाइनसाठी काळ्या मातीत नाली खोदण्याचे काम चालू होते. तेथील सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती. वरच्या कार्यालयातून ४२ स्लाइडांचे सादरीकरण आले आणि त्यावरून सुपरवायझरने सकाळी पाळी सुरू होताना वाचायचे टूलबॉक्स टॉकचे टिपण मला करायचे होते. मजुरांशी सुरक्षेबद्दल होणाऱ्या या पाच मिनिटांच्या बोलण्यातला निम्मा वेळ प्रश्नोत्तरांत जातो, म्हणून वाचायला सुमारे अडीचशे शब्दच उरतात, ही गोष्ट स्लाइड बनवणाऱ्यांच्या कधीच लक्षात येत नाही.

पहिला मसुदा मी सरळ भाषांतर करून दिला होता. ‘उत्खननाच्या कडेपासून सुरक्षित अंतर राखावे’ हे वाक्य सुपरवायझरने शाळेतल्या धड्यासारखे वाचले, ‘समजलं का?’ असे विचारले आणि सगळ्यांनी एका सुरात ‘हो’ म्हटले. नंतर एका मजुराला मी सुरक्षित अंतर म्हणजे किती असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, ते तुमाले माहीत.’ त्याचे म्हणणे खरेच होते, कारण ते अंतर मी कुठेही सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या मसुद्यात मी तीनच गोष्टी ठेवल्या आणि प्रत्येक गोष्ट हातात धरता येईल किंवा डोळ्यांनी दिसेल अशी केली. आमच्या साइटवर दीड मीटरपेक्षा खोल नालीत बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणी उतरायचे नाही असा नियम होता. मजुरांना मीटर सांगून उपयोग नव्हता, म्हणून एका बांबूवर तळापासून दीड मीटरवर लाल पट्टा रंगवून घेतला. बांबू नालीत उभा करायचा आणि लाल पट्टा काठाच्या खाली गेला तर उतरायचे नाही, एवढेच वाक्य टिपणात लिहिले. उपसलेली माती काठापासून दोन मोठी पावले दूर टाकायची, हे दुसरे. तिसरे होते भेगेचे. काळी माती वाळली की तडकते, त्या तडांतून पावसाचे पाणी आत शिरते, आणि काठाला समांतर अशी भेग दिसू लागली की त्या बाजूचा तुकडा मूळ जमिनीपासून सुटू लागलेला असतो. म्हणून टिपणात लिहिले, ‘काठाच्या बाजूने चालत जा, लांब भेग दिसली तर मला हाक मारा.’ ‘समजलं का?’ हा प्रश्न काढून टाकला आणि त्याऐवजी ‘लाल पट्टा खाली गेला तर तू काय करशील?’ हा प्रश्न नाव घेऊन विचारायचा असे ठरवले.

हा मसुदा वाचायच्या आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला होता. सुपरवायझरने टिपण छान वाचले, बोट दाखवत वाचले, आणि टॉक संपताच एका मजुराने खरोखरच भेग दाखवली. नाली रिकामी केली, मजूर बाजूला झाले आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती भिंत कोसळली. आत कोणी नव्हते. मला फार समाधान वाटले, पण ते काही क्षणच टिकले, कारण पाणी उपसण्याचा पंप मातीखाली अर्धा गाडला गेला होता आणि एक तरुण मजूर तो ओढण्यासाठी आत उडी मारून मोकळा झाला होता. सुपरवायझरने ओरडून त्याला वर बोलावले. तो बाहेर आला आणि थोड्याच वेळात समोरचा दुसरा तुकडा त्याच जागी पडला. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास असते आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

‘कोसळलेल्या नालीत पुन्हा उतरू नये’ ही मूळ सादरीकरणातली ३७वी स्लाइड होती. ती आपत्कालीन प्रशिक्षणाची बाब आहे असे समजून मीच ती गाळली होती. ज्या मजुरांनी त्या दिवशी भेगेचे वाक्य लक्षात ठेवून आपला जीव वाचवला, त्यांच्याच टिपणात पुढचे वाक्य नव्हते.

रात्री मी ते वाक्य घातले आणि जागेसाठी सुरुवातीची उद्दिष्टांची ओळ काढली, जी कोणाच्याच कामाची नव्हती. सकाळी सुपरवायझरने ते वाचले तेव्हा त्या तरुणाने विचारले, ‘पंप गेला तर पैसे कोणाचे कापतान?’ तो उडी का मारून गेला, याचे उत्तर मला तेव्हा कळले. ‘गाडलेल्या सामानाचे पैसे मजुरीतून कापले जाणार नाहीत’ हे वाक्य लिहून मी ठेकेदाराकडे सहीसाठी दिले आहे. सही येईपर्यंत सुपरवायझर ते तोंडी सांगतो, आणि त्यावर मजूर किती विश्वास ठेवतात, हे मला कुठल्याही प्रश्नातून कळत नाही.