दीडशे की दोनशे?

कसोटी सामना पाहणाऱ्या कुणालाही फॉलोऑनचा आकडा विचारला, तर तो डोळे झाकून दोनशे सांगेल. पहिल्यांदा फलंदाजी केलेल्या संघाकडे पहिल्या डावाअखेर किमान 200 धावांची आघाडी असली, तर त्याच्या कर्णधाराला समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला पाठवता येते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण हा आकडा सामना किती दिवसांचा आहे यावर ठरतो. पाच किंवा त्याहून अधिक दिवसांच्या सामन्यात तो 200 आहे, तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यात 150, दोन दिवसांच्या सामन्यात 100 आणि एका दिवसात दोन-दोन डाव खेळायचे ठरले असेल तर 75. आपल्या रणजीतील चार दिवसांच्या साखळी सामन्यांत म्हणूनच दीडशेचा हिशेब चालतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. त्याच नियमाला एक पोटकलम आहे, तिथे मात्र भलेभले अडखळतात: पावसाने पहिला दिवस पूर्ण वाया गेला आणि एकही चेंडू पडला नाही, तर सामन्याचे दिवस खेळ प्रत्यक्ष सुरू झाला त्या दिवसापासून मोजायचे. पाच दिवसांची कसोटी मग या नियमापुरती चार दिवसांची होते आणि आकडा दोनशेवरून दीडशेवर येतो.

हे पोटकलम अजित वाडेकरांना पक्के ठाऊक होते. फेब्रुवारी 1971 मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने धुऊन नेला. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला, तेव्हा भारताची अवस्था 5 बाद 75 झाली, आणि इथून पुढे भारत समोरच्यांना फॉलोऑन देईल असे कुणी म्हटले असते तर लोक हसले असते. पण मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आणि हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर यांनी सहाव्या गड्यासाठी 137 धावा जोडल्या. पुढे सरदेसाईंनी प्रसन्नाला हाताशी धरून नवव्या गड्यासाठी आणखी 122 धावांची भर घातली. सरदेसाई 212, भारत 387. उत्तरादाखल वेस्ट इंडीजचा डाव प्रसन्ना आणि वेंकटराघवन यांच्या फिरकीपुढे 217 धावांत आटोपला.

आघाडी झाली 170 धावांची. दोनशेच्या हिशेबाने वेस्ट इंडीजचे खेळाडू आता क्षेत्ररक्षणाला उतरायचे. पण वाडेकर थेट त्यांच्या ड्रेसिंग रूमकडे गेले आणि गॅरी सोबर्स यांना त्यांनी सांगितले, की तुम्ही पुन्हा फलंदाजी करायची आहे. सोबर्स चक्रावले, अशी आठवण सांगितली जाते, आणि त्यात नवल काही नाही. आघाडी तीस धावांनी कमी पडते असे समजून निर्धास्त बसलेल्या कर्णधाराला, ती आघाडी खरे तर गरजेपेक्षा वीसने जास्त आहे, हे प्रतिस्पर्ध्याकडून कळावे, यापरता चिमटा नाही. दुसऱ्या डावात रोहन कन्हाय यांनी नाबाद 158 आणि सोबर्स यांनी 93 धावा करून सामना अनिर्णित राखला. तेव्हा त्या फॉलोऑनने धावफलकावर काही कमावले नाही. तरीही माझ्या मते त्या मालिकेची खरी सुरुवात त्या ड्रेसिंग रूमच्या दारात झाली. पुढची, पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली आणि त्या एका विजयावर मालिकाही.

या पोटकलमातील ‘पूर्ण वाया’ हा शब्दप्रयोग अगदी काटेकोर आहे. पहिल्या दिवशी एक चेंडू जरी पडला, तरी तो दिवस मोजणीत अख्खा धरतात, आणि मधले दिवस कितीही भिजले तरी आकडा बदलत नाही. डिसेंबर 2024 मधल्या ब्रिस्बेनच्या कसोटीत हे फार जवळून पाहायला मिळाले. तिथे पहिल्या दिवशी 13.2 षटकांचाच खेळ झाला, पण झाला, म्हणून आकडा दोनशेवर कायम राहिला. ऑस्ट्रेलियाच्या 445 धावा होत्या. भारताला 245 वर रोखले असते, तर आघाडी बरोबर 200 झाली असती आणि फॉलोऑन देता आला असता, म्हणजे तो टाळण्यासाठी 246 हव्या होत्या. भारताचा नववा गडी 213 वर बाद झाला, तेव्हा तेहेतीस धावा उरल्या होत्या आणि खेळपट्टीवर होते बुमरा आणि आकाश दीप. आकाश दीपने कमिन्सला गलीच्या डोक्यावरून चौकार मारला आणि आकडा पार झाला, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये गंभीर, कोहली आणि रोहित शर्मा यांनी सामना जिंकल्यासारखा जल्लोष केला. डाव अखेर 260 वर संपला. आता असे समजा, की ती 13.2 षटकेही पावसाने होऊ दिली नसती. मग आकडा दीडशेचा झाला असता, भारताला 296 धावा कराव्या लागल्या असत्या आणि 185 धावांची ती पिछाडी फॉलोऑनसाठी पुरून उरली असती.

फॉलोऑन टाळण्याची याहून देखणी तऱ्हा लॉर्ड्सवर 1990 साली कपिलदेवने दाखवली होती. इंग्लंडने 4 बाद 653 वर डाव घोषित केला होता, भारत 9 बाद 430 वर होता, टाळायला 24 धावा हव्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला होता नरेंद्र हिरवाणी. कपिलने हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले. पुढच्याच षटकात हिरवाणी बाद झाला, म्हणजे कपिलने एकेरी-दुहेरीचा सोज्ज्वळ मार्ग धरला असता तर गणित फसलेच असते. पिछाडी राहिली 199. सामना भारत हरला, हे खरे, पण तो फॉलोऑनशिवाय हरला.

आकडा गाठल्यावरही फॉलोऑन देणे सक्तीचे नाही. 1900 पूर्वी ते सक्तीचे होते. आता तो कर्णधाराचा अधिकार आहे. मात्र प्रतिस्पर्धी कर्णधाराला आणि पंचांना एकदा निर्णय कळवला, की तो फिरवता येत नाही. त्यामुळे कर्णधाराला त्या थोड्या मिनिटांत आपल्या गोलंदाजांच्या पायांचा अंदाज घ्यावा लागतो. कोलकात्यात 2001 साली स्टीव्ह वॉकडे 274 धावांची आघाडी होती आणि भारताचा पहिला डाव जेमतेम 58 षटकांत गुंडाळलेला होता, म्हणजे गोलंदाज काही फार दमलेले नव्हते. फॉलोऑन देण्यात त्याचे काहीही चुकले नाही, असे मी आजही म्हणेन. त्यानंतर त्याच गोलंदाजांना 178 षटके टाकावी लागली, चौथ्या दिवशी लक्ष्मण आणि द्रविड यांच्यापैकी कुणीही बाद झाले नाही आणि ऑस्ट्रेलिया 171 धावांनी हरली, हे त्या सकाळी कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते.

त्या दिवसभर खेळपट्टीवर उभा राहिलेला द्रविड 2007 साली ओव्हलवर कर्णधार होता. मालिकेत भारत 1-0 ने पुढे, ही शेवटची कसोटी, आणि आघाडी तब्बल 319 धावांची. त्याने फॉलोऑन दिला नाही. दुसऱ्या डावात भारताचे तीन गडी 11 धावांत बाद झाले, स्वतः द्रविडने 96 चेंडूंत 12 धावा केल्या, आणि इंग्लंडपुढे 500 धावांचे लक्ष्य ठेवले गेले. इंग्लंडने 6 बाद 369 पर्यंत मजल मारून सामना वाचवला. द्रविडवर बरीच टीका झाली. मालिका मात्र भारताने जिंकली, आणि इंग्लंडमध्ये ती आपल्याला 1986 नंतर प्रथमच जिंकता आली.