कोट काढला तरी कोटाचा लाल रंग गेला नाही

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत कॅरेक्टर आर्टिस्ट आहे, बाहेरच्या गेम कंपन्यांची कामं येतात आमच्याकडे. एका मोबाईल गेमची हिरॉईन, तिचं जुनं पोस्टर होतं, थ्रीडी मॉडेलवरून रेंडर केलेलं, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेलं चित्र, गुडघ्याला किंचित बाक देऊन उभी, हातात तलवार, अंगात उंच कॉलरचा लालभडक कोट. दिवाळी इव्हेंटसाठी तिला नऊवारी नेसवायची, हिरवी साडी, जांभळे काठ, नाकात नथ. आणि अट एकच, जी क्लायंटने ठळक अक्षरात लिहिली होती: पोझ तीच, लाइट तोच, चेहरा जराही बदललेला दिसता कामा नये, प्लेयरला वाटलं पाहिजे की त्याच फोटोसेशनमध्ये हिने फक्त कपडे बदलले.

ऐकायला सोप्पं. चार दिवस होते.

पहिल्याच दिवशी कळलं की कॅरेक्टरची रिग फाइल, म्हणजे सांधे हलवता येणारं मॉडेल, आहे, त्यात पोझ सेव्ह आहे, पण ज्या फाइलमधून ते पोस्टर रेंडर झालं होतं, म्हणजे लाइट, कॅमेरा, रेंडर सेटिंग सगळं जिथे होतं, ती फाइल कोणाकडेच नाही. ज्याने केलं तो सोडून गेलेला. हातात काय, तर फायनल PNG. म्हणजे आधी चित्राकडे बघून लाइट शोधायचे आणि मग साडी.

अशा वेळी मी सगळ्यात आधी डोळ्यात बघते (कॅरेक्टरच्या!). बुबुळावर लाइटचं प्रतिबिंब पडतं, त्याच्या आकारावरून लाइट चौकोनी की गोल आणि जागेवरून तो कुठे ठेवलाय ते कळतं. हिच्या डोळ्यात दोन ठिपके होते, वर डावीकडे एक मोठा पांढरा आणि उजव्या कडेला एक बारीक पट्टी. मी मोठ्या ठिपक्याप्रमाणे मुख्य लाइट लावला आणि नाकाची सावली काही केल्या जुळेना, जुन्या चित्रात ती सरळ खाली ओठाकडे जाते, माझ्यात गालावर आडवी पडत होती. दीड तास त्या लाइटला इकडून तिकडे फिरवल्यावर लक्षात आलं की लाइट कुठेही नेला तरी तो मोठा ठिपका जागचा हलतच नाहीये. हलणार कसा, तो टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रात, रंगवलेला होता! स्टायलाइज्ड गेममध्ये डोळे कुठल्याही लाइटमध्ये जिवंत दिसावेत म्हणून असं सर्रास करतात, मला माहीत असून मी फसले. मग टेक्स्चर काढून नुसता राखाडी डोळा ठेवला, नाकाच्या सावलीवरून दिशा घेतली, सावलीची कड किती मऊ आहे त्यावरून लाइटचा आकार ठरवला, आणि ती बारीक पट्टी म्हणजे मागून उजवीकडून येणारा रिम लाइट हे नक्की झालं.

कॅमेरा मात्र पटकन जुळला. जुनं चित्र कॅमेऱ्याच्या मागे अर्धपारदर्शक ठेवायचं आणि तलवारीचं टोक, कान, बूट एकावर एक येईपर्यंत लेन्स बदलत राहायची.

आता खरी कसोटी. साडी नेसवायच्या आधी मी तिला तोच जुना कोट घालून रेंडर केलं आणि जुन्या चित्रावर डिफरन्स मोडमध्ये ठेवलं. दोन्ही सारखे असतील तर सगळं काळं दिसतं, जिथे फरक तिथे उजेड. ही पायरी लोक गाळतात, वेळ नाही म्हणून, पण नवे कपडे आल्यावर तुलना करायला काही उरतच नाही ना. माझं चित्र काळं नव्हतं. सावल्या जवळपास बसल्या होत्या, पण अख्खा चेहरा आणि कोट उजळत होता, म्हणजे रंगच वेगळा होता. माझा कोट विटक्या गुलाबीकडे झुकलेला, जुना कसा गडद कुंकवासारखा. लाइटचा रंग बदलून पाहिला, ताकद कमी केली, एक जुळवलं की दुसरं बिघडायचं.

उत्तर PNG मध्येच होतं. ब्लेंडर, म्हणजे आमचं थ्रीडी सॉफ्टवेअर, रेंडर सेव्ह करताना तारीख, फाइलचं नाव वगैरे चित्रात लिहून ठेवतो, ते असं वाचता येतं:

```
exiftool keyart_final.png
```

तारीख निघाली 2021 ची. त्या वेळी ब्लेंडरमध्ये नवी फाइल उघडली की रंग दाखवायची पद्धत Filmic असायची, 4.0 पासून ती AgX झाली. मी शॉट नव्या फाइलमध्ये बांधलेला, त्यामुळे गपचूप AgX लागलेलं, आणि AgX मध्ये झगझगीत रंग उजेडात लवकर पांढरटाकडे जातात. सेटिंग Filmic केलं, Look मध्ये Medium High Contrast घेतलं, आणि डिफरन्स एकदम काळाकुट्ट झाला, कडांवर थोडी रवाळ रेघ सोडून. लाइटला मी दिवसभर उगाच शिव्या घातल्या होत्या.

साडीची गंमत वेगळी. नऊवारी एका अखंड कापडाची सिम्युलेशनने नेसवायचा मोह होतो, पण काष्टा दोन पायांच्या मधून मागे जातो, गुडघ्याला बाक, कापड मांडीत घुसतं, बाहेर येतं, थरथरतं. मी सरळ तुकडे केले, निऱ्या वेगळ्या, काष्टा वेगळा, पदर वेगळा, सिम्युलेशन फक्त पदराला, बाकी हाताने स्कल्प्ट. साडीखाली जो पाय दिसतच नाही तो लपवून टाकला, म्हणजे मधूनच कातडी बाहेर डोकावायचा प्रश्न मिटला.

पण पहिल्या रेंडरमध्ये साडी तिच्या अंगावर नव्हती, दुसऱ्याच गेममधून आणून चिकटवल्यासारखी होती. लाइट तोच, रंगाची पद्धत तीच, मग काय? मी खऱ्या पैठणीचे फोटो बघून रेशमाची वीण, धाग्याचे बारीक उंचवटे सगळं नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभाग उंचसखल भासवणाऱ्या चित्रात, घातलं होतं. आणि हिच्या कोटाला वीण नव्हतीच! कोटाची कड बोटभर जाड, चुण्या मोजून पाच-सहा, मोठ्या. केसांच्या पण जाड बटा, एकेक केस नाही. त्या जगात बारीक काही नसतंच. मी वीण काढून टाकली, निऱ्या निम्म्या केल्या, काठाला जाडी दिली. जीव तुटला, खरं सांगते.

जरीचा घोळ राहिला. सोनं म्हणून मी मटेरियल मेटॅलिक ठेवलेलं आणि काठ काळपट दिसत होता. धातूला स्वतःचा रंग दाखवायला आजूबाजूचं काहीतरी प्रतिबिंबात यावं लागतं, आणि या सीनमध्ये तीन लाइट आणि सपाट राखाडी आभाळ, दुसरं काहीच नाही. आमचा ज्युनिअर म्हणाला, "ताई, एक एचडीआरआय टाक ना, चमकेल." एचडीआरआय म्हणजे सीनभोवती गुंडाळायचा, स्वतः उजेड देणारा फोटो. चमकलं असतं, पण त्याचा उजेड चेहऱ्यावर पण पडला असता आणि दोन दिवसांची जुळवाजुळव पाण्यात. त्यापेक्षा मी तिच्या तलवारीची सोनेरी मूठ उघडून पाहिली. तिथे मेटॅलिक शून्य! पिवळसर तपकिरी रंग आणि त्यावर ब्रशने रंगवलेला उजळ पट्टा, बस. म्हणजे या गेममध्ये सोनं असं काढतात. जरी तशीच रंगवली आणि ती पहिल्यांदा मुठीच्या घरातली वाटली.

तिसऱ्या दिवशी रात्री मी शहाणपणा केला. चेहरा बदलायचा नाही ना, मग जुन्याच चित्रातला चेहरा आणि मान तशीच ठेवू, साडी, नथ आणि जिथे कोट गेल्यावर अंग उघडं पडलं तेवढं नव्या रेंडरमधून वर लावू. झालं एकदम, सकाळी लीडला दाखवलं. ती खुर्चीत मागे रेलून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हिच्या हनुवटीखाली लाल काय आहे? आणि गळ्यावर ही तिरकी सावली कसली?"

कोटाचं होतं ते. लाल कोटावर पडलेला उजेड उसळून हनुवटीला, जबड्याच्या खालच्या बाजूला लागला होता, आणि उंच कॉलरची सावली गळ्यावर. कोट काढला, कॉलर काढली, आणि त्यांचा उजेड आणि सावली तिच्या अंगावर तशीच. खात्रीसाठी जुन्या कोटाचं रेंडर घेऊन Light Paths मध्ये Diffuse चे बाउन्स शून्य केले, म्हणजे उजेड उसळूच दिला नाही, आणि लाली गेली. मग काय बोलणार.

म्हणजे पूर्ण बाई परत रेंडर करणं आलं. केलं, तर आता हनुवटी हिरवी! शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर, पदर हिरवा आहे तर उजेड हिरवाच उसळणार, पण कातडीवर हिरवा म्हणजे पोरगी कावीळ होऊन उठल्यासारखी. इथे मी खोटेपणा केला. उसळलेला उजेड रेंडरच्या वेगळ्या थरात, म्हणजे पासमध्ये मिळतो, Diffuse Indirect नावाने, त्यातला हिरवेपणा फक्त कातडीवर साधारण निम्म्यावर आणला, साडीवर पूर्ण ठेवला. भुवया, डोळे, कपाळ जुन्या चित्रातलं, गालाच्या मधोमध मऊ मास्क, तिथून खाली नवं. डिफरन्स चाचणी आधीच झाली होती म्हणून सांधा कुठे आहे ते कोणालाच दिसलं नाही, लीडला सांगूनसुद्धा सापडला नाही.

क्लायंटला मी दोन्ही चित्रं शेजारी पाठवली आणि हनुवटीबद्दल आपणहून लिहिलं, नाहीतर कोणीतरी झूम करून विचारणारच. त्यांनी ओके दिलं.

फाइल जायच्या आधी रात्री आईला फोनवर दाखवली. ती म्हणाली, "काष्टा बरा घातलायस गं, पण नथ उजव्या नाकपुडीत?" मी बघितलं तर खरंच, स्क्रीनवर माझ्या डावीकडे म्हणून लावली ती तिची उजवी बाजू. नथ दुसरीकडे सरकवायला दोन मिनिटं लागली असतील. पण नथीची सावली वरच्या ओठावर पडते, आणि डाव्या बाजूला तो मागचा रिम लाइट पण तिला लागतो, त्यामुळे परत रेंडर, परत मास्क, आणि मी पावणेतीनला घरी.