‘गोळी घेऊन या’

आमच्या हिमोग्लोबिन आणि बीपी तपासणी शिबिराची वेळ सकाळी नऊची होती आणि आठ वाजताच शाळेच्या व्हरांड्यात तीसेक माणसं बसली होती. गर्दी बघून बरं वाटायला हवं होतं. पण बसलेल्यांची तऱ्हा वेगळी होती. कुणी कपाळ धरून बसलं होतं, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. नोंदणीच्या टेबलावर पहिल्या बाईंना विचारलं, “काकू, सकाळी काही खाल्लंत का?” त्या म्हणाल्या, “नाही बाई, तुम्हीच लिहिलंय ना, उपाशी या म्हणून.”

फाटकावरचा फ्लेक्स वाचला तर खरंच खाली चौथ्या ओळीत होतं: ‘सर्वांनी उपाशीपोटी यावे’. आधीच्या साखर तपासणी शिबिराची फाईल उघडून त्यात नाव, तारीख आणि तपासण्या बदलल्या होत्या. ती एक ओळ तशीच राहिली. चूक आमचीच. छापण्याआधी मजकूर दोघांनी वाचला होता, पण दोघांनीही तारीख आणि जागाच तपासली.

हिमोग्लोबिन आणि बीपी, दोन्हींसाठी उपाशी राहायची काहीच गरज नसते. खाल्ल्याने हिमोग्लोबिनचा आकडा बदलत नाही. बीपीसाठी आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळायची आणि लघवी करून यायचं, एवढंच. उपाशी आल्याने बिघडतं ते भलतंच. बोटाला सुई टोचताना चक्कर येणाऱ्यांची संख्या वाढते. आणि ‘उपाशी’ या शब्दाचा अर्थ लोक ‘काहीही तोंडात घालायचं नाही’ असा घेतात, म्हणजे पाणी नाही आणि रोजची गोळीही नाही.

सगळ्यात काळजीचा प्रसंग साडेनऊला आला. साठीच्या एका काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. त्यांनी उलटं केलं होतं: खाल्लं काहीच नव्हतं, पण मधुमेहाची रोजची गोळी घेतली होती. ग्लुकोमीटरवर साखर ५८ आली. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली आणि पंधरा मिनिटांनी परत मोजली, तेव्हा ९० च्या पुढे गेली. मग खायला दिलं. म्हणजे फ्लेक्सवरची एक उसनी ओळ नुसती गैरसोय करत नाही, माणूस आडवा करू शकते.

बीपीच्या टेबलावरची अडचण मात्र एवढी उघड दिसणारी नव्हती. अठ्ठावन्न वर्षांच्या एका मावशींचं पहिलं माप १७२/९८ आलं. पाच मिनिटं बसवलं. पाय जमिनीवर टेकलेले, पाठीला आधार, हात टेबलावर छातीच्या उंचीला आणि बोलायचं नाही. दुसरं माप १६६/९६. एरवी आम्ही सरळ डॉक्टरांकडे पाठवलं असतं आणि कदाचित गोळीचा डोसही वाढला असता. पण विचारलं तेव्हा कळलं, रोज सकाळी सातला घ्यायची गोळी त्यांनी घेतलीच नव्हती. आता हा आकडा औषध अपुरं पडतंय म्हणून आहे, की आजचा डोस चुकला म्हणून? त्या क्षणी सांगता येत नाही. कार्डावर आकड्याशेजारी ‘आज गोळी घेतलेली नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. तिथेच गोळी घ्यायला लावून अर्ध्या तासाने परत मोजावं असा मोह होतो, पण त्याचा उपयोग नाही. बीपीच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांना पूर्ण असर दाखवायला काही तास लागतात.

आता दुसरी चूक, आणि हीच सांगायची म्हणून हे लिहितो आहोत. घाईघाईत माईकवरून दुरुस्ती पुकारली: “उपाशी राहू नका. खाऊन या. बीपीची गोळी घेऊन या.” अर्ध्या तासात लोक घरून परत आले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. न फोडलेलं! ‘घेऊन या’ म्हणजे ‘आणा’, त्यांनी बरोबरच ऐकलं होतं. आम्हाला म्हणायचं होतं ‘गिळून या’. डॉक्टर दिवसभर ‘गोळी घ्या’ म्हणतात, त्यामुळे आपल्या कानाला त्यात खोट दिसत नाही. पण ‘घ्या’ला ‘येणे’ जोडलं की अर्थ फिरतो. त्यानंतर वाक्य कायमचं असं झालं: ‘रोजची गोळी खाऊन या, पाकीट सोबत आणा.’ दोन कामं, दोन क्रियापदं. पाकीट हवंच असतं, कारण ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही.

या दोन गोष्टींमुळे दुपारी जरा उसंत मिळाल्यावर सगळा मजकूरच टेबलावर घेतला. आशाताईंना बसवलं आणि फ्लेक्स मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं: ‘भव्य मोफत रक्त तपासणी शिबिर’. ‘रक्त’ सर्वांत मोठ्या अक्षरात, शेजारी लाल थेंबाचं चित्र. ताई म्हणाल्या, “वरच्या आळीतल्या बायका आल्याच नाहीत. त्या म्हणतात, आमच्याच अंगात रक्त नाही, आणि हे अजून काढणार.” रक्तदानाच्या पोस्टरवर हाच थेंब असतो, त्यांचं काय चुकलं? ज्यांना तपासणीची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच चित्राने घरी बसवलं. थेंब काढून टाकला आणि बोटाचं चित्र घातलं, खाली ‘बोटातून फक्त एक थेंब’. खरं तर पहिला थेंब पुसून पुढचा वापरायचा असतो, पण पोस्टरवर इतकं अचूक व्हायची गरज नाही.

‘ॲनिमिया’ आणि ‘रक्तक्षय’ दोन्ही शब्द गेले. पहिला कळत नाही, दुसऱ्याने क्षयरोग आठवतो. ‘अंगात रक्त कमी’ हाच शब्द घराघरांत आहे. पण तोही ‘रक्तदाब’च्या शेजारी छापला की घोळ होतो. ‘रक्त कमी’ म्हणजे ‘बीपी लो’ असं पुष्कळांना वाटतं, आणि चक्कर आली की दोन्ही एकच समजले जातात. म्हणून एकीकडे ‘अंगातलं रक्त’ आणि दुसरीकडे सरळ ‘बीपी’, मध्ये रेघ. ‘रक्तदाब’ शुद्ध आहे हे मान्य, पण शिबिराच्या फाटकावर भाषाशुद्धी करत बसू नये.

आकडे छापावेत का, यावर आमच्यात थोडा वाद झाला. एकाचं म्हणणं, बाईला १२ च्या खाली आणि पुरुषाला १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी, हे लिहावं. लिहिलं नाही. गरोदर बाईची रेघ साधारण ११ वर येते, मुलांची वयाप्रमाणे बदलते. फ्लेक्सवर एक आकडा टाकला की पोटुशी बाई ११.४ बघून उगाच घाबरते. बीपीचंही तेच. १४०/९० ही रेघ ठीक, पण वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा त्यावर आल्याशिवाय कुणाला ‘बीपी आहे’ म्हणत नाहीत. आकडे कार्डावर, अर्थ समोरासमोर.

कपड्यांची ओळ मात्र वाढवली: ‘बाही सहज वर जाईल असे कपडे घाला.’ घट्ट बाही दंडावर गुंडाळली की ती स्वतःच पट्ट्यासारखी आवळते आणि माप चुकतं. बाहीवरून पट्टा बांधला तरी चुकतं. आणि दर बाईमागे पडद्याआड दोन मिनिटं जातात, ती वेगळीच.

मग रिक्षावरची घोषणा. आमची नव्वद सेकंदांची होती, त्यात पहिली चाळीस सेकंद उद्घाटकांची नावं. रिक्षा ताशी दहा किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन मीटर. भोंगा दोन्ही बाजूंना पन्नासेक मीटर स्वच्छ ऐकू येतो असं धरलं, तर दारात उभ्या माणसाच्या कानावर जेमतेम पस्तीस सेकंद पडतात. म्हणजे कुणाला नुसती नावं ऐकू आली, कुणाला नुसते आभार. नवी घोषणा वीस-बावीस सेकंदांत बसवली, जागा आणि वेळ सुरुवातीला आणि शेवटी:

“ऐका हो ऐका! उद्या गुरुवारी, सकाळी आठ ते दुपारी एक, शाळेत. बीपी आणि अंगातलं रक्त मोफत तपासणार. पोटभर खाऊन या. रोजची गोळी खाऊन या, पाकीट सोबत आणा. बोटातून फक्त एक थेंब. उद्या गुरुवारी, सकाळी आठ ते एक, शाळेत.”

त्यानंतर पाच सेकंद गप्प. नाहीतर शेवटचं ‘शाळेत’ आणि पुढचं ‘ऐका’ एकमेकांत मिसळतं. ‘उद्या’ची आणि ‘आज’ची अशा दोन वेगळ्या क्लिप करायच्या आणि फाईलच्या नावातच तसं लिहायचं. सकाळी निघालेल्या रिक्षाने कालची क्लिप लावली, तर अर्धं गाव दुसऱ्या दिवशी कुलूपबंद शाळेसमोर येतं.

फ्लेक्सवर वारासोबत तारीख आणि सालही हवं. नुसतं ‘गुरुवारी’ लिहिलेला फ्लेक्स कुणी काढत नाही आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा माणसं येतात. मजकूर मोबाईलवरून छापखान्यात पाठवला असेल तर छापायच्या आधी त्यांच्या पडद्याचा फोटो मागवायचा. युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. आणि तो फोटो मजकूर लिहिणाऱ्याने नव्हे, तो आधी न पाहिलेल्या माणसाने मोठ्याने वाचायचा. वाचून झालं की त्याला एकच विचारायचं: “आता सांग, घरून निघताना तू काय काय करशील?” हा प्रश्न आधी विचारला असता, तर ‘उपाशी’ही सापडलं असतं आणि ‘घेऊन या’ही.

परत बोलावलेल्यांसाठी माईकवर नावं पुकारायची नाहीत, हेही त्या दिवशीच ठरलं. कुणाच्या अंगात रक्त कमी आहे हे गावाला कळायचं कारण नाही, लग्नाच्या मुलीचं तर नाहीच. घोषणा एवढीच: “ज्यांना पिवळी चिठ्ठी दिली आहे त्यांनी सोमवारी सकाळी दहा वाजता उपकेंद्रात यावं. खाऊन या, गोळी खाऊन या.” त्या मावशी चिठ्ठी घेऊन आल्या. सातला गोळी खाल्ली होती, पाकीट पिशवीत होतं. पाच मिनिटं बसल्यावर १३८/८६, दुसऱ्यांदा १३४/८४. डॉक्टरांनी डोस होता तसाच ठेवला.