आमची वाटचाल : ९४ टक्के आणि ६० टक्के

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचा कास्टिंगच्या मशिनिंगचा कारखाना आहे. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे बॉडी पार्ट आम्ही करतो. काही ग्राहकांसाठी फाउंड्रीतून कास्टिंग स्वतः विकत घेऊन तयार माल विकतो, तर काहींची कास्टिंग त्यांच्याकडूनच येतात आणि आम्ही फक्त जॉबवर्कची मजुरी लावतो. ईआरपी आल्यापासून खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि बिलिंग एका धाग्यात आले, हे खरे. परंतु व्यवस्थापनाचे जे तयार आकडे पडद्यावर दिसू लागले, ते नेमके काय मोजतात हे ठरवण्याचे काम कोणत्याही सॉफ्टवेअरने आमच्यासाठी केलेले नव्हते. या लेखात मुख्यतः वेळेवर पोच, म्हणजे ऑन-टाइम डिलिव्हरी, या एकाच निर्देशकाबद्दल लिहितो, कारण सर्वाधिक वाद त्यावर झाला. उधारीचे दिवस आणि स्टॉकची उलाढाल यांचा उल्लेख त्यामागून येईल.

आमच्या डॅशबोर्डवर वेळेवर पोच ९४ टक्के दिसत असे. चाकण परिसरातला एक मोठा ग्राहक मात्र दर महिन्याला पुरवठादाराचे गुणपत्रक पाठवी आणि त्यात आम्ही साठीच्याही खाली असू. ग्राहक कडक मोजतो, एवढ्यावर विषय सुटत असे. शेवटी एका महिन्याच्या सगळ्या ऑर्डर-ओळी, म्हणजे ऑर्डरमधील एकेका मालाच्या नोंदी, कागदावर काढून दोन्ही आकड्यांचा मेळ घालायचे ठरले.

त्या महिन्यात एकूण ४० ओळी देय होत्या. त्यांपैकी ३४ ओळींचा माल महिन्याच्या आत निघाला आणि ३२ ओळी तारखेच्या आत होत्या. ३४ पैकी ३२, म्हणजे ९४ टक्के. हिशेबात चूक अशी कुठेच नव्हती. फक्त अहवाल डिलिव्हरी चलनापासून सुरू होत होता. ज्या ओळीचे चलनच झालेले नाही, ती त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे देय असूनही न गेलेल्या सहा ओळी छेदात आल्याच नाहीत. उशीर जितका मोठा, तितका तो महिन्याच्या आकड्यातून बाहेर राहत होता, ही त्यातली सर्वांत घातक गोष्ट.

उरलेल्या ३२ ओळी एकेक करून पाहिल्या. पाच ओळींची तारीख आम्हीच ग्राहकाला फोन करून पुढे ढकलून घेतली होती आणि सेल्स ऑर्डरमध्ये जुन्या तारखेवर नवी तारीख टाकली होती. आणखी तीन ओळींमध्ये ठरल्या दिवशी मालाचा काही भागच गेला होता. ५०० नगांपैकी २०० वेळेवर आणि ३०० आठवड्यानंतर. अहवाल पहिल्या चलनाची तारीख धरत असल्यामुळे ती ओळ वेळेवर ठरली. हे सगळे वजा केल्यावर ४० पैकी २४ ओळी उरल्या, म्हणजे ६० टक्के. त्यातल्या दोन ओळी शनिवारी संध्याकाळी आमच्या गेटमधून निघाल्या आणि सोमवारी ग्राहकाच्या गेटवर नोंदल्या गेल्या. ग्राहक आपल्या जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीची, तारीख धरतो, त्यामुळे त्याच्या लेखी २२ ओळी, म्हणजे ५५ टक्के.

व्याख्या ठरवायला बसलो तेव्हा लक्षात आले की प्रत्येक शब्दामागे कोणाची तरी जबाबदारी उभी आहे. मार्केटिंग माझा धाकटा भाऊ पाहतो. त्याचे म्हणणे होते, “दादा, ग्राहकानेच नवी तारीख मान्य केली आहे, मग आपण उशिरा कसे?” डिस्पॅच सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी लगेच सांगितले, “साहेब, कास्टिंग फाउंड्रीतूनच उशिरा आलं. गाडी मी त्याच दिवशी भरली. माझ्या नावावर कशाला?” दोघांचेही बरोबर होते, आणि म्हणूनच एकाच आकड्यातून दोघांचे काम मोजता येणार नव्हते.

शेवटी जी व्याख्या लिहिली, ती अशी: ज्या ऑर्डर-ओळीची पहिली कबूल तारीख त्या महिन्यात येते, ती प्रत्येक ओळ छेदात धरावी, माल गेलेला असो वा नसो, आणि जिची पूर्ण नगसंख्या त्या तारखेला किंवा तिच्या आधी ग्राहकाच्या गेटवर पोचली, तीच ओळ अंशात धरावी. वाक्य साधे दिसते, पण त्यासाठी ईआरपीत तीन बदल करावे लागले.

पहिला बदल म्हणजे ‘पहिली कबूल तारीख’ हे वेगळे फील्ड. ऑर्डर सबमिट होताच ते भरले जाते आणि कुलूपबंद होते. उत्पादनाच्या नियोजनासाठी सुधारित तारीख हवीच असते, ती शेजारच्या फील्डमध्ये हवी तितक्या वेळा बदलावी. ओपन ऑर्डर म्हणजे एकदाच दिलेली, पण माल वेळोवेळी मागवायची ऑर्डर. तिच्या बाबतीत ग्राहक दर महिन्याला वेळापत्रक पाठवतो. तिथे ऑर्डरची नव्हे, तर वेळापत्रकातील त्या ओळीची तारीख पहिली धरली जाते.

दुसरा बदल म्हणजे सुधारित तारखेसोबत कारण निवडण्याची सक्ती. ग्राहकाने स्वतःहून तारीख पुढे नेली, तर त्याचा ईमेल जोडल्यावरच पहिली कबूल तारीख बदलता येते, आणि तो अधिकार हिशेब विभागाकडे ठेवला आहे, मार्केटिंगकडे नाही. कास्टिंग उशिरा आले, मशीन बंद पडले, तपासणीत नग नापास झाले, ही सगळी कारणे आमची. त्यांनी तारीख सरकत नाही, मात्र उशिराचे खापर कोणत्या विभागाच्या वाट्याला जाते ते त्यांवरून कळते. डिस्पॅचसाठी वेगळा, छोटा निर्देशक ठेवला: माल तयार म्हणून नोंदल्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंतचा वेळ. त्यानंतर त्यांची तक्रार राहिली नाही.

तिसरा बदल पोचेच्या तारखेचा. ती आमच्या चलनावर नसते. काही ग्राहक पोर्टलवर जीआरएन दाखवतात, तिथून ती घेता येते. इतरांसाठी ड्रायव्हरने आणलेल्या शिक्का मारलेल्या प्रतीवरून भरावी लागते. तोवर ती ओळ ‘पोच बाकी’ राहते. चलनाची तारीख अधिक एक दिवस असा ठोकताळा पुण्याच्या गाडीला बहुतेक वेळा लागू पडला असता, पण बेंगळुरूच्या मालाला आणि शनिवारच्या गाडीला तो फसतो, म्हणून तो वापरला नाही. वेळेआधी पोचलेल्या मालाचा मुद्दाही इथेच निघाला. काही ग्राहक तीन दिवसांपेक्षा आधी आलेला माल उतरवून घेत नाहीत आणि गाडी दारात उभी राहते. त्यांच्या ओळींना आधीची मर्यादाही लावली आहे. इतरांना लावलेली नाही.

व्याख्या पाझरते आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आम्हाला सापडली. दोन महिन्यांपूर्वीचा अहवाल आज पुन्हा काढावा. आकडा बदलला, तर समजावे की कोणतेतरी फील्ड मागाहून लिहिले जात आहे; एक तर तारीख बदलते आहे, नाहीतर मागील तारखेची चलने शिरत आहेत. जुन्या अहवालात हा आकडा दर वेळी थोडा सुधारलेला दिसत असे, आणि आम्हाला त्याचे बरे वाटत असे!

उधारीचे दिवस, म्हणजे बिलाचे पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात, या आकड्यात गोंधळ वेगळ्या प्रकारचा होता. येणे बाकी भागिले विक्री, गुणिले दिवस, हे सूत्र सर्वांना ठाऊक असते. पण लेजरमधील येणे बाकी जीएसटीसह असते आणि नफा-तोटा पत्रकातील विक्री जीएसटीविना. समजा ३० सप्टेंबरला येणे १ कोटी १८ लाख आहे आणि जुलै ते सप्टेंबर या ९२ दिवसांची जीएसटीविना विक्री १ कोटी ५० लाख आहे. सरळ भागाकाराने ७२ दिवस येतात. आमच्या मालावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून बिलांची खरी रक्कम १ कोटी ७७ लाख होते आणि उत्तर ६१ दिवस येते. ६० दिवसांच्या करारावर ७२ दिवस दिसले, तर मालक ग्राहकांना फोन लावू लागतो. ६१ दिसले, तर स्वस्थ राहतो. आम्ही वर-खाली दोन्ही ठिकाणी जीएसटीसह रक्कम धरतो. बँकेत जमा झालेली, पण कोणत्या बिलापोटी ते न कळलेली रक्कम येण्यातून वजा करतो. माल न दिलेल्या ऑर्डरची आगाऊ रक्कम मात्र वजा करत नाही, कारण ती आमची देणी आहे.

स्टॉकच्या उलाढालीबाबत थोडक्यात सांगतो. आधीचा आकडा वर्षाची विक्री ६ कोटी भागिले ३१ मार्चचा स्टॉक ६० लाख, म्हणजे १० वेळा, असा काढलेला होता. मार्चअखेरीस खरेदी आवरती घेऊन माल बाहेर काढायची पद्धत बहुतेक कारखान्यांत असते, त्यामुळे तो स्टॉक वर्षातला सर्वांत लहान. शिवाय विक्रीत नफा आणि जॉबवर्कची मजुरी असते, स्टॉकमध्ये यांपैकी काहीच नसते. आता अंशात फक्त स्वतःच्या मालाच्या विक्रीचा खर्च, ४ कोटी २० लाख, आणि छेदात महिनाअखेरच्या स्टॉकची सरासरी, ८४ लाख, असे धरतो. उलाढाल ५ वेळा येते, म्हणजे माल सरासरी ७३ दिवस पडून असतो. ग्राहकाची कास्टिंग शून्य किमतीने वेगळ्या गोदामात दाखवतो. उलट, प्लेटिंगसाठी बाहेर गेलेला आमचा माल अहवालाच्या गोदाम-फिल्टरमधून गळत होता. तो परत आत घेतला आहे.

एका ग्राहकाची सोय अद्याप या व्याख्यांत बसलेली नाही. बेंगळुरूला त्याच्या कारखान्याजवळ तिसऱ्या पक्षाच्या गोदामात आम्ही माल ठेवतो आणि तो लागेल तसा उचलतो. उचलेपर्यंत माल आमचा. तिथे गोदामातील पोच वेळेवर झाली तरी उचलायच्या दिवशी हवा तो नग नसू शकतो, त्यामुळे पोचेची तारीख निरुपयोगी ठरते. त्या ओळी सध्या वेळेवर पोचेच्या टक्केवारीतून वगळल्या आहेत आणि किती ओळी वगळल्या ते आकड्याखाली छापले जाते; गोदामातील किमान साठा किती दिवस मोडला, हे मात्र वेगळे मोजतो. तो स्टॉक उलाढालीच्या छेदात पूर्ण धरलेला आहे.